तारा की ट्रे? आधी लेकीच्या दिवसाचा हिशोब मांड

अगं, तुझ्या लेकीचे, आपल्या ताईचे दात सरळ करायचं ठरवलंत, फार बरं केलंत. वरचा सुळा हिरडीत उंच येऊन बाहेर डोकावतोय आणि खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेत. ते नीट घासले जात नाहीत, हे तिच्या हिरड्यांवरून मला दिसतंच. आता घरात दोन मतं पडली आहेत. ताईला पारदर्शक ट्रे हवेत, कारण ते दिसत नाहीत. जावईबापू म्हणतात, तारा लावा आणि मोकळे व्हा. तू मला विचारलंस म्हणून सांगते. दंतमहाविद्यालयात ऑर्थोच्या खुर्चीशेजारी उभं राहून नोकरीची सगळी वर्षं काढली, ताईच्या वयाची पुष्कळ मुलं डोळ्यांसमोरून गेली. त्यातून हाती लागलेले कानमंत्र तुला देते. डॉक्टरांचा निर्णय डॉक्टरांचाच. पण त्यांच्यासमोर काय विचारायचं आणि घरात आधी काय तपासायचं, ते आपल्या हातात आहे.

पहिला कानमंत्र: दात बघून नको, दिवस बघून ठरव

तारा दाताला चिकटवलेल्या असतात. ताई झोपली, खेळली, परीक्षेला बसली, तरी त्यांचं काम चालूच राहतं. ट्रे तोंडात असेल तेवढाच वेळ काम करतो. तो दिवसाचे २० ते २२ तास तोंडात हवा, असं डॉक्टर सांगतात. एकेक ट्रे एक ते दोन आठवडे घालायचा आणि मग पुढचा. प्रत्येक ट्रे दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवायला बनवलेला असतो. तो पाव मिलिमीटर पूर्ण झाला नाही, तर पुढचा ट्रे नीट बसतच नाही.

शिवाय ट्रे घालून खायचं नाही आणि पाण्याशिवाय काही प्यायचंही नाही. चहा, दूध, सरबत काहीही घ्यायचं तर तो आधी काढायचा. गरम चहाने ट्रे वाकतो, आणि गोड पेय आत अडकलं की दात तासन् तास साखरेत भिजत राहतात.

म्हणून ताईचा एक दिवस कागदावर मांडूया. २२ तास ट्रे घालायचा, म्हणजे काढून ठेवायला दोन तास, १२० मिनिटं. सकाळी सव्वासहाला चहा-पोळी आणि दात घासणं, २० मिनिटं. शाळेची छोटी सुट्टी, खाऊ खाऊन चूळ भरण्यासह १५. मोठी सुट्टी, डबा आणि चूळ, ३०. एक वाजता घरी येऊन जेवण आणि ब्रश, ३५. क्लासला जाण्याआधी खाणं, २०. रात्रीचं जेवण आणि ब्रश, ४०. झोपताना दूध, १०. बेरीज १७० मिनिटं, म्हणजे जवळजवळ तीन तास. ट्रे तोंडात राहिला २१ तास १० मिनिटं. २२ ला थोडा कमी, पण २० च्या वर. इथपर्यंत ठीक आहे.

आता खरी मेख बघ. मोठी सुट्टी संपताना घंटा झाली, पुढच्या तासाची धांदल उडाली, मैत्रिणींसमोर तोंडात हात घालायला ती लाजली आणि ट्रे डबीतच राहिला. घरी आल्यावर जेवायचंच आहे म्हणून तो जेवणानंतर बसला. साडेदहा ते एक, हे अडीच तास गेले. त्या दिवशी ट्रे फक्त १८ तास ४० मिनिटं होता. आठवड्यात असं तीनदा झालं, तर सुळ्यासारखा हट्टी दात मागे पडतो.

ट्रे घालणारं मूल मागे पडलंय हे घरी कसं ओळखायचं? ट्रे बसवल्यावर आरशासमोर उभं करून दाताच्या टोकाकडे बघायचं. दाताचं टोक आणि प्लास्टिक यांच्यामध्ये पांढुरकी फट दिसली, तर दात ट्रेच्या मागे राहिला आहे. रबरी तुकडा चावून ट्रे खाली बसवायला देतात, तो चावूनही फट जात नसेल तर पुढचा ट्रे घालायची घाई करायची नाही. डॉक्टरांना फोन करायचा. ते सहसा तोच ट्रे आणखी काही दिवस घालायला सांगतात. नाहीतर पुन्हा माप घेऊन नवे ट्रे बनवावे लागतात, आणि त्यात महिने जातात.

दुसरा कानमंत्र: पैसे भरण्याआधी सात दिवसांची तालीम

ताई ट्रेवरच अडून बसली असेल तर तिला नाही म्हणू नकोस, तालीम करायला सांग. एक छोटी डबी तिच्या दप्तरात ठेव आणि एक वही दे. सात दिवस ती ठरलेल्या वेळांखेरीज काही खाणार नाही आणि पाण्याशिवाय काही पिणार नाही. प्रत्येक वेळी खायच्या आधी डबी उघडायची, खाऊन झाल्यावर चूळ भरून बंद करायची आणि वहीत मिनिटं लिहायची. शाळेत, क्लासमध्ये, वाढदिवसाला, रविवारी मामाकडे गेली तरी. सात दिवसांपैकी सहा दिवस बेरीज १५० मिनिटांच्या आत राहिली, तर ही मुलगी ट्रे सांभाळेल. छोट्या सुट्टीतला खाऊ बंद केला आणि दूध रात्रीच्या जेवणाबरोबरच प्यायलं, तर आपल्या हिशोबातले १७० चे १४५ होतात. म्हणजे जमण्यासारखं आहे. पण चौथ्या दिवशी वही कोरी दिसली, तर वाद न घालता तारा.

ट्रे हरवतो तो बहुतेक वेळा डब्याच्या वेळीच. मुलं तो कागदी रुमालात गुंडाळून बाजूला ठेवतात आणि डब्याच्या खरकट्याबरोबर तो कचऱ्यात जातो. म्हणून डबी नाहीतर तोंड, तिसरी जागा नाही. आणि आधीचा ट्रे कधीही टाकायचा नाही, धुऊन पाकिटात ठेवायचा. चालू ट्रे हरवला, तर डॉक्टर सांगेपर्यंत हा आधीचाच घालून दात जागेवर राखता येतात. धुवायचा गार पाण्यानेच.

तिसरा कानमंत्र: कोणता दात कुठे जायचाय, हे डॉक्टरांकडून समजून घे

तारा काय, ट्रे काय, दोन्ही दातावर हलका जोर लावतात. दाताच्या एका बाजूचं हाड विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं, आणि दात सरकतो. वेग महिन्याला साधारण एक मिलिमीटर. जोर वाढवून हा वेग वाढत नाही, उलट मुळांना इजा होते. म्हणून सहा महिन्यांत सगळं सरळ करून देतो, असं ताईच्या दातांबद्दल कोणी म्हणालं, तर पुढे काही विचारूही नकोस.

तपासणीत डॉक्टर पूर्ण जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, काढतील. बाजूने डोक्याचा एक्स-रे काढतील आणि दातांचं माप घेतील, साच्याने किंवा स्कॅनरने. दातांची रुंदी आणि जबड्यावर असलेली जागा यांची वजाबाकी करून ते सांगतील की जागा किती कमी पडते. समज, ताईला वर ५ मिलिमीटर कमी पडतात. मग ही जागा आणायची कुठून, हा सगळ्या उपचाराचा गाभा. दातांच्या कडा अगदी थोड्या घासून, कमान थोडी रुंद करून, नाहीतर उपदाढा काढून. एकेक उपदाढ साधारण ७ मिलिमीटर रुंद असते. दोन काढल्या की १४ मिळाले. ५ वापरले, उरलेले ९ कुठे जाणार? पुढचे दात बाहेर आलेले असतील, तर ते मागे घ्यायला ही जागा लागते आणि चेहरा छान दिसतो. दात मुळात पुढे नसतील, तर उपदाढा कशाला काढायच्या, हे तू नीट विचार. उत्तर देताना डॉक्टर एक्स-रे आणि मापं समोर ठेवून बोलले पाहिजेत.

दुसरा प्रश्न विचारायचा तो सुळ्याबद्दल. सुळा गोलसर आणि निमुळता असतो. उंच राहिलेला सुळा खाली आणणं आणि वळलेला सुळा फिरवणं, हे ट्रेला अवघड जातं, कारण प्लास्टिकला धरायला कड मिळत नाही. त्यासाठी दातावर दाताच्याच रंगाचे छोटे उंचवटे चिकटवतात, तरी ट्रे कधीकधी घसरतो. तारेला हे काम सोपं असतं. ब्रॅकेट दाताला पक्कं धरलेलं असतं, आणि निकेल-टायटॅनियमची बारीक तार वाकली तरी आपल्या मूळ आकाराकडे जात राहते, दाताला बरोबर घेऊन. म्हणून ताईच्या वरच्या सुळ्याकडे बघून माझा कौल तारांकडे आहे. दात फक्त थोडे विरळ किंवा थोडे गर्दीचे असते, तर मी ट्रेला हो म्हटलं असतं.

आणि हे विचारायचं कोणाला? एमडीएस ऑर्थोडॉन्टिक्स केलेल्या डॉक्टरांना. बीडीएसनंतर ही पदवी तीन वर्षांची असते, त्यात दात हलवण्याचंच शिक्षण मिळतं. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांकही विचारून घे. घरी खोका पाठवून माप मागवणाऱ्या आणि डॉक्टर न भेटता ट्रे पाठवणाऱ्या कंपन्यांच्या वाटेला जाऊ नकोस. अमेरिकेतली स्माइल डायरेक्ट क्लब ही याच धंद्यातली मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली, आणि अर्ध्या उपचारातल्या माणसांना दुसरे डॉक्टर शोधावे लागले. एक्स-रे न बघता दात हलवायचे म्हणजे हाडाची आणि मुळांची स्थिती माहीत नसताना हलवायचे.

चौथा कानमंत्र: शाळेच्या वेळापत्रकात सुरुवात कुठे करायची

ताई आता नववीत जाणार. तारांचा उपचार तिच्यासारख्या मुलीला साधारण १८ ते २४ महिने लागतो. सुरुवात उन्हाळ्याच्या सुट्टीत, एप्रिल-मे मध्ये कर. पहिले काही आठवडे सगळ्यात त्रासाचे असतात, ते सुट्टीत जातात आणि जूनला शाळा सुरू होईपर्यंत ती खायला-बोलायला सरावलेली असते. सगळं वेळेवर झालं, तर दहावीच्या परीक्षेच्या सुमाराला ती शेवटच्या टप्प्यात असेल. तेव्हा दुखणं कमी असतं. उपदाढा काढायच्या ठरल्या, तर त्याही सुट्टीतच काढून घे. परीक्षेच्या आठवड्यात नवी तार बसवून घेऊ नकोस, डॉक्टरांना आधीच तारखा सांग. ते दोन आठवडे पुढे ढकलतात, त्याने काही बिघडत नाही.

भेटी चार ते सहा आठवड्यांनी एकदा. सकाळची शाळा असल्यामुळे दुपारची वेळ माग. ओव्याहून तुमची सोय चांगली आहे. खारघरमध्येच येरळा मेडिकल ट्रस्टचं दंतमहाविद्यालय आहे, सीबीडी बेलापूरला भारती विद्यापीठाचं, कामोठ्याला एमजीएमचं, नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणाचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर-पेंधर मेट्रो सुरू झाली, त्यामुळे पेठपाड्याहून बसलीस की बेलापूर गाठायला रिक्षाच्या वादात पडायला नको. महाविद्यालयात खर्च खासगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी येतो. तिथे एमडीएसचे विद्यार्थी उपचार करतात आणि प्राध्यापक प्रत्येक टप्पा तपासतात. एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी विचार. ज्या डॉक्टरांकडे ताई जाईल, ते कोणत्या वर्षाला आहेत? तिसऱ्या वर्षाला असतील, तर उपचार अर्ध्यात असताना ते पास होऊन जातील. तिची फाइल कोणाकडे जाईल, हे फाइलवर लिहून घे. पहिल्या वर्षाचे असतील तर बहुतेक तेच शेवटपर्यंत बघतील.

खासगीत जाणार असशील, तर ट्रेचा खर्च धातूच्या तारांच्या कित्येकदा दुप्पट-तिप्पट येतो. रक्कम विचारताना त्यात काय धरलंय ते विचार. निघालेलं ब्रॅकेट पुन्हा लावण्याचे पैसे? मधे नव्याने ट्रे बनवावे लागले तर? शेवटचा रिटेनर? हे तिन्ही लिहून घेतलंस, की पुढे वाद होत नाही.

पाचवा कानमंत्र: तारा लावल्यावर रोजचं काम

सुरुवातीला दाढांच्या मधे छोट्या निळ्या रबरी कड्या घालतात, दाढेवर बसणाऱ्या धातूच्या कड्यासाठी जागा करायला. त्या दिवशी तिथे सुपारी अडकल्यासारखं वाटतं. मग तारा बसल्या की तीन-चार दिवस चावताना दात दुखतात. मऊ खिचडी, पेज, दहीभात, दुधात भिजवलेली पोळी द्यायची. वेदनाशामक डॉक्टर सांगतील तेच. तारेचं टोक गालाला टोचलं, तर त्यावर ऑर्थोचं मेण दाबून लावायचं. त्याची डबी दप्तरात कायम हवी. टोक फारच टोचत असेल, तर पेन्सिलच्या मागच्या खोडरबराने हळूच आत वळवायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. पक्कड किंवा नेलकटरने कापायचं नाही, तुकडा गिळला जाऊ शकतो.

खाण्याचं म्हणशील, तर चिक्की, ऊस, कणीस, कडक चकली, डिंकाचा घट्ट लाडू हे तारा असेपर्यंत बंद. पेरू आणि सफरचंद दाताने तोडायचं नाही, पातळ फोडी करून मागच्या दाढांनी खायचे. एक ब्रॅकेट निघालं, की त्या दाताची प्रगती पुढच्या भेटीपर्यंत थांबते. महिन्याला एक निघालं, तर उपचार लांबलाच म्हणून समज. चिनी मातीच्या पांढऱ्या ब्रॅकेटभोवतीची रंगहीन रबरं हळदीने चार दिवसांत पिवळी पडतात. आपल्या घरी रोज आमटी, तेव्हा ताईला राखाडी किंवा निळी रबरं निवडायला सांग. ती खो-खो खेळते ना? मग तारांवर बसणारं तोंडाचं कवच डॉक्टरांकडून करून घे, नाहीतर ओठ फाटतो.

या सगळ्याहून महत्त्वाचं म्हणजे रात्रीचा ब्रश. ब्रॅकेटच्या वरची बाजू हिरडीकडे, खालची बाजू दाताच्या टोकाकडे. दोन्हीकडे ब्रश तिरका धरून फिरवायचा. फ्लोराइडची पेस्ट हवी. तारेखाली छोट्या गोल केसांच्या ब्रशने प्रत्येक दोन दातांमधून आतबाहेर करायचं. यात पाच मिनिटं जातात. शाळेत ब्रश जमत नाही, तिथे डब्यानंतर दोन खळखळून चुळा पुरतात.

आठवड्यातून एकदा, रविवारी, तू स्वतः तपास. ताईला उजेडात बसव, ओठ वर कर आणि दात रुमालाने कोरडे कर. ब्रॅकेटच्या कडेने, हिरडीजवळ, खडूसारखे पांढरे, चमक नसलेले डाग दिसतात का बघ. ते दाताचं वरचं कवच विरघळायला लागल्याची पहिली खूण. ओल्या दातावर ते दिसत नाहीत, म्हणूनच पुसून बघायचं. ब्रश नीट होत नसेल तर तारा लागल्यापासून महिन्याभरातही ते येऊ शकतात. दिसले की पुढच्या भेटीची वाट न बघता दाखव. डॉक्टर फ्लोराइडचा लेप लावतील आणि ब्रश पुन्हा शिकवतील. दुर्लक्ष केलं, तर दात सरळ होतात आणि तारा काढल्यावर प्रत्येक दातावर पांढरी चौकट उरते. ती पूर्ण जात नाही. डाग वाढत राहिले, तर चांगले डॉक्टर तारा वेळेआधी काढतात. त्यांना नाही म्हणू नकोस.

सहावा कानमंत्र: तारा निघाल्या म्हणजे उपचार संपला नाही

तारा काढल्यावर दात सरळ दिसतात, पण त्यांच्याभोवतीचं हाड आणि हिरडीचे धागे अजून घट्ट झालेले नसतात. दात जुन्या जागेकडे परत जाऊ बघतात. वळलेले दात आणि खालचे पुढचे दात सगळ्यात लवकर. म्हणून खालच्या दातांच्या मागे एक बारीक तार चिकटवतात आणि वरच्यासाठी पारदर्शक रिटेनर देतात. तो पहिले काही महिने डॉक्टर सांगतील तितका वेळ, आणि पुढे रात्री झोपताना वर्षानुवर्षं घालायचा. ट्रेच्या उपचारानंतरही हेच. दहावीनंतरच्या सुट्टीत ताई हा रिटेनर कपाटात ठेवून विसरेल आणि अकरावीत तो आवळ बसेल. आवळ बसला म्हणजे दात हलायला लागले, इतकं तिला पक्कं सांगून ठेव. दाबून बसत असेल, तर त्याच रात्रीपासून पुन्हा घालायचा. बसतच नसेल, तर जोर न करता डॉक्टरांकडे.

आता पुढच्या आठवड्यात काय करायचं ते सांगते. शनिवारी ताईला ती वही आणि डबी दे, तालीम सुरू होऊ दे. त्याच आठवड्यात तिच्या किडलेल्या दाढेत सिमेंट भरून घे आणि दात साफ करून घे, कारण कीड असलेल्या तोंडात ना तारा लावतात, ना ट्रे. मग वही घेऊन दोघी डॉक्टरांकडे जा. बेरीज त्यांच्यासमोर ठेव आणि सुळ्याचं काय, जागा कुठून आणणार, हे दोन प्रश्न विचार. त्यांनी ट्रेच सांगितले आणि वहीतली बेरीज चांगली असेल, तर मनात काही न ठेवता ट्रे घे. वही कोरी असेल, तर ताईला जवळ बसवून सांग की तारा लावल्या तर खाण्यापिण्याच्या वेळी काढायचं-घालायचं लक्षात ठेवायचं ओझं तिच्यावर राहणार नाही, खाण्याचं पथ्य आणि रात्रीची पाच मिनिटं तेवढी तिची.